आमची वाटचाल : छापखान्यासाठी लिहिलेलं टिपण

फोंड्यात आम्ही दोघा मित्रांनी सॉफ्टवेअरचं काम सुरू केलं, तेव्हा सुरुवातीची वर्षं हॉटेलांच्या वेबसाइट आणि घाऊक दुकानांचे बिलिंग प्रोग्राम करण्यात गेली. ती कामं मिळायची, पैसे मिळायचे, त्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. आमच्या धंद्याला वळण लागलं ते म्हापशाच्या एका छापखान्याला दिलेल्या प्रस्तावामुळे. ऑर्डरचा माग ठेवणारं सॉफ्टवेअर त्यांनी का घ्यावं, त्याला किती खर्च येईल आणि किती वाचेल, हे त्यात लिहायचं होतं. तोवर आमचे प्रस्ताव म्हणजे सोयींची यादी आणि खाली किंमत. या वेळी तसं चालणार नव्हतं. प्रेसच्या काकांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, ‘मला काय काय दिसेल ते नको, माझे पैसे कुठून परत येतील ते लिही.’

म्हणून लिहायला बसण्याआधी त्यांची जॉब कार्डं मागितली. प्रत्येक कामाला एक पुठ्ठ्याचं कार्ड असतं. गिऱ्हाइकाचं नाव, कागद, आकार, प्रती, रंग, लॅमिनेशन, कधी द्यायचं, हे सगळं त्यावर. फक्त गर्दीचे महिने घेतले असते तर बचत फुगून दिसली असती. गोव्यात नोव्हेंबरपासून जत्रांच्या पत्रिका, लग्नं, हॉटेलांची मेनू कार्डं यांची रांग लागते आणि पावसात मशीन अर्धा दिवस मोकळी असते. म्हणून तीन महिने हंगामातले आणि तीन पावसाळ्यातले घेतले. १,०२० कार्डं झाली. त्यातली ३८ कामं पुन्हा छापलेली होती.

त्यातलं एक कार्ड माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. एका देवस्थानच्या जत्रेची पत्रिका. रात्रीच्या नाटकाची वेळ बदलली म्हणून समितीने तिसरं प्रूफ मागवलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मंजूर केलं. ते ज्या फोनवर आलं तो काउंटरवर होता. आत प्लेट काढणाऱ्याच्या संगणकावर `patrika_final.pdf` आणि `patrika_final2.pdf` अशा दोन फाइली होत्या, तिसरी पोचलीच नव्हती. त्याने त्याच्याकडची शेवटची फाइल घेतली, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच होतं. कार्डावर कोणीतरी पेन्सिलीने ‘वेळ बदल’ एवढंच लिहिलं होतं. पत्रिका छापून, घडी घालून तयार झाल्यावर चूक कळली.

त्या ३८ कामांची कारणं वेगळी काढली. २० कामं अशी, की जुनं प्रूफ छापलं गेलं किंवा कार्डावर कागद किंवा प्रतींचा आकडा चुकीचा उतरला. ११ कामांत रंग बसला नव्हता, मशीनचा दोष होता किंवा पावसाच्या दमटपणाने कागद ताणला जाऊन एका रंगावर दुसरा नीट पडला नव्हता. उरलेली ७ गिऱ्हाइकाने स्वतः मंजूर करून मग बदललेली. टिपणात स्पष्ट लिहिलं, की सॉफ्टवेअरचा संबंध फक्त त्या २०शी आहे. दमट कागद कोणताही प्रोग्राम सुकवत नाही. आणि २०पैकीही १२च टळतील असं धरलं, कारण माणसं घाईत असतात. फुकट गेलेला कागद, प्लेट, लॅमिनेशन मिळून एका कामामागे सरासरी ३,२०० रुपये पडत होते. मशीनचा वेळ त्यात धरला नाही. सहा महिन्यांचे ३८,४०० झाले, म्हणजे महिन्याला ६,४००.

दुसरी गळती काकांच्याही लक्षात नव्हती. कार्ड आणि बिल शेजारी ठेवून पाहिलं, तर बऱ्याच कामांत नंतर वाढलेली गोष्ट बिलात आलीच नव्हती. जादा प्लेट, वाढवलेल्या शंभर प्रती, घाईने मडगावला पोचवलेला गठ्ठा. सहा महिन्यांत असे ६९,००० रुपये सुटले होते. जुन्या गिऱ्हाइकांकडून सगळं मागता येत नाही, ते काका सोडूनही देणार. म्हणून निम्मंच धरलं, महिन्याला ५,७५०.

‘माझं काम कुठे पोचलं’ असे फोन दिवसभर येत, त्यात काउंटरवरच्या मुलीचा बराच वेळ जाई. तो वेळ नक्की वाचणार होता. तरी त्याची किंमत मी बचतीत लिहिली नाही. तिचा पगार त्यामुळे कमी होणार नव्हता, मग काकांच्या खिशात काही येणार नव्हतं. आमच्या धंद्यात असे वाचलेले तास रुपयांत मोजून बचत मोठी दाखवायची सर्रास पद्धत आहे. मला ती पटत नाही. मालक वर्षाअखेरीला हिशेब बघतो तेव्हा ते पैसे त्याला कुठेच सापडत नाहीत.

खर्चाची बाजू अशी. प्रोग्राम बसवणं आणि शिकवणं ६६,०००. संगणक, यूपीएस वगैरे मिळून २०,०००. दर महिन्याला आमचे ३,००० आणि नोंदी करायला लागणाऱ्या जादा वेळाचे २,०००. हा नोंदींचा खर्च प्रस्तावांत सहसा नसतोच. पहिले दोन महिने कार्ड आणि प्रोग्राम दोन्ही चालवायचे, तेव्हा बचत शून्य धरली आणि त्या महिन्यांचे १०,००० खर्चात मिळवले. एकूण ९६,०००. जीएसटीचं क्रेडिट त्यांना मिळणार असल्याने तो वेगळा ठेवला. महिन्याची बचत १२,१५०, त्यातून ५,००० वजा, हाती ७,१५०. या हिशेबाने साधारण सोळाव्या महिन्यात पैसे फिटत होते.

त्याच्याच खाली दुसरा हिशेब दिला. बचत निम्मीच झाली तर महिन्याला फक्त १,०७५ उरतात आणि पैसे फिटायला सात वर्षांहून जास्त लागतात. तसं होणार असेल तर हे घेऊ नये, असं लिहिलं. माझा भागीदार म्हणाला, ‘हा परिच्छेद काढ, काम जाईल.’ मी ठेवला. सोबत अट घातली, की प्रोग्राम सुरू झाल्यावर सहाव्या महिन्यात पुन्हा कार्डं मोजायची आणि बचत ठरल्याच्या निम्म्याहून वर नसेल, तर मासिक रक्कम बंद.

काकांनी टिपण दोनदा वाचलं आणि बचतीबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांचा प्रश्न वेगळा होता : ‘मशीनीर हात काळे आसतात, ते तुजो फोन कसो धरतले?’ खरी अडचण तीच होती. आम्ही कार्ड काढून टाकून नोंदी फोनवर घेणार होतो. त्याऐवजी कार्ड ठेवलं आणि त्यावर बारकोड छापला. खांबावर टांगलेल्या स्कॅनरसमोर कार्ड धरलं की झालं. टप्पेही नऊ होते ते पाच केले : प्रूफ मंजूर, प्लेट, छपाई, बायंडिंग, नेलं. प्रूफला क्रमांक आणि मंजुरी नसेल तर प्लेटचा टप्पा उघडतच नाही, आणि प्लेटवाल्याला मंजूर झालेली एकच फाइल दिसते. जादा प्लेट किंवा प्रतींची नोंद झाली की तिचा आकडा लिहिल्याशिवाय बिल बंद होत नाही. सूट द्यायची तर शून्य लिहायचं, पण लिहायचं.

सुरुवातीला एक गोष्ट बिघडली, ती नोंदींच्या वेळांवरून कळली. बऱ्याच कामांची प्लेट, छपाई आणि बायंडिंग संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास पाच मिनिटांच्या आत झालेली दिसत होती. मुलं दिवसभराची कार्डं साठवून एकदम स्कॅन करत होती. स्कॅनर दाराजवळच्या खांबावर होता, तिथवर कोण जाणार? तो मशीनमधून छापलेला कागद बाहेर पडतो त्या बाजूला हलवला आणि वेळा खऱ्या येऊ लागल्या.

सहाव्या महिन्याची मोजणी काकांनी स्वतः बसून केली. जुन्या प्रूफची चूक जवळजवळ थांबली होती, कागद आणि प्रतींचा आकडा चुकीचा उतरणं मात्र अपेक्षेपेक्षा कमी घटलं, कारण पहिली नोंद शेवटी माणूसच करतो. बिलातून सुटणारे पैसे निम्म्याहून जास्त परत आले. अट पाळली गेली आणि मासिक रक्कम चालू राहिली. पुढे मडगाव आणि डिचोलीचे छापखाने आमच्याकडे आले ते काकांनी ते टिपण त्यांना वाचायला दिलं म्हणून. प्रत्येक ठिकाणी आम्ही आधी कार्डं मागतो. डिचोलीच्या प्रेसमध्ये मोजणीनंतर बचत खर्चाला पुरत नव्हती. त्यांना फक्त प्रूफला क्रमांक देण्याची पद्धत आणि नवीन छापील जॉब कार्ड करून दिलं, सॉफ्टवेअर दिलं नाही.