प्रमोशनची शिफारस लिहिताना मोजपट्टी पुढच्या लेव्हलची

आमच्या टीममधल्या एका सीनिअर इंजिनिअरला लीड करावं, अशी शिफारस मला लिहायची होती. तिच्या कामाबद्दल कुणालाच शंका नव्हती. पण आमच्याकडे निर्णय समिती घेते आणि समितीतल्या बहुतेकांनी तिच्यासोबत कधी काम केलेलं नसतं. त्यांच्यापुढे असतात फक्त माझी दोन पानं आणि लीडकडून असलेल्या अपेक्षांचा तक्ता. सीनिअर म्हणून ती किती भारी आहे हे सांगून तिथे काही उपयोग नसतो. त्यासाठी चांगलं रेटिंग आहेच की!

म्हणून आधी तक्त्यातले सीनिअर आणि लीडचे रकाने शेजारी ठेवून वाचले. खरा फरक दोनच ठिकाणी होता. सीनिअर समोर आलेला अवघड प्रश्न सोडवतो, लीड कुणी न सांगितलेला प्रश्न हुडकून काढतो. आणि लीडच्या निर्णयाचा परिणाम त्याच्या टीमबाहेरही दिसतो. या दोन कसोट्या लावल्यावर वर्षभरातली बरीच कामं गळाली. सगळ्यात मोठं रिलीजसुद्धा गेलं. तिने ते वेळेत पार पाडलं होतं, पण प्रश्न मी दिलेला आणि डिझाइन आधीच ठरलेलं.

उरलं ते पेमेंटचं काम. गेटवेकडून उत्तर वेळेत आलं नाही की तीन टीम आपापल्या पद्धतीने पुन्हा विनंती पाठवत, आणि कधीकधी ग्राहकाचे पैसे दोनदा कापले जात. प्रत्येक टीमला तो आपला किरकोळ बग वाटे. तिन्हींचं मूळ एकच आहे हे हिने ओळखलं. प्रत्येक व्यवहाराला एकच ओळख-क्रमांक द्यायचा, म्हणजे तीच विनंती दुसऱ्यांदा आली तरी पैसे एकदाच कापले जातील, असा प्रस्ताव तिने लिहिला.

माझ्या पहिल्या मसुद्यात होतं, ‘तिने पेमेंटची विश्वासार्हता वाढवण्यात मोलाची भूमिका बजावली.’ हे वाक्य कुणाबद्दलही खपलं असतं. ते काढून मी लिहिलं की प्रश्न तिने स्वतः शोधला, एका टीमने क्रमांक किती दिवस जपायचा यावर हरकत घेतल्यावर प्रस्ताव बदलला, आणि तिसऱ्या टीमने ती रजेवर असताना केवळ दस्तऐवज वाचून तो लागू केला. सोबत प्रस्तावाची आणि त्यावरच्या चर्चेची लिंक जोडली. अभिप्रायही त्याच दोन टीममधून मागवले. आमच्या टीममधली स्तुती समिती फारशी मनावर घेत नाही.

उणीवही लिहिली: अवघड भाग ती अजून स्वतःकडेच ठेवते, ज्युनिअरना देत नाही. लीडच्या रकान्यात याची स्वतंत्र ओळ आहे, त्यामुळे गप्प बसलो असतो तरी कुणीतरी विचारलंच असतं.

समितीने वेगळंच विचारलं, ‘हे एकदाच जमलं असेल तर?’ त्यासाठी लॉगिंगचं एक छोटं उदाहरण राखून ठेवलं होतं. तेही तिनेच हुडकलेलं, तेही दुसऱ्या टीमने उचललेलं. मंजुरी आली, आणि उणिवेचा परिच्छेद जसाच्या तसा तिच्या पुढच्या सहामाहीच्या उद्दिष्टांत गेला.