नऊने भाग जातो का?

लेक झाली तेव्हा, २०१३ मध्ये, मी नोकरी सोडली. बाळंतपणाची भरपगारी रजा त्या वेळी १२ आठवड्यांची होती. ती २६ आठवड्यांची झाली २०१७ साली, तोवर आमची लेक बालवाडीत डबा संपवून येत होती. कायदा उशिरा आला म्हणून माझी काही तक्रार नाही. २६ आठवड्यांनंतर तरी मी गेले असते का, हे माझं मलाच सांगता येत नाही.

नोकरी होती पेठेतल्या एका सीएंच्या ऑफिसात. त्याच वर्षी १ एप्रिलला पुण्यात जकात जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला होता. व्यापारी वैतागलेले, आम्ही नियम पाठ करत बसलेलो. मी घरी बसले आणि २०१५ च्या ऑगस्टमध्ये बहुतेक व्यापाऱ्यांपुरता तो एलबीटी गेलासुद्धा. एक अख्खा कर माझ्यासमोर आला आणि माझ्यामागे संपला. पुढे १ जुलै २०१७ ला व्हॅट, सर्व्हिस टॅक्स, एक्साइज, आम्ही ज्याच्यासाठी गिऱ्हाइकांच्या मागे मागे फिरायचो तो सी फॉर्म, असं बरंच काही जीएसटीत बुडालं. म्हणजे मला जे येत होतं त्यातलं निम्मं आता अस्तित्वातच नव्हतं.

२०२४ मध्ये भोसरीतल्या एका छोट्या कारखान्याच्या अकाउंट्समध्ये मुलाखत दिली, तेव्हा पोटात हाच गोळा होता. मालकांनी अपेक्षेप्रमाणे विचारलं, "मधली अकरा वर्षं काय केलंत?" मी म्हटलं, "मुलगी वाढवली." ते "बरं" म्हणाले आणि पगाराचं बोलायला लागले. उत्तराची तयारी मी आठवडाभर केली होती. ती सगळी फुकट गेली याचं थोडं वाईटच वाटलं.

शेजारच्या टेबलावरचा मुलगा पंचवीस-सव्वीसचा. पहिल्या दिवशी त्याने "काकू" म्हणायला तोंड उघडलं आणि ऐन वेळी "मॅडम" केलं, ते मला स्पष्ट दिसलं. त्याची बोटं एक्सेलमध्ये अशी पळायची की मी नुसती बघत राहायची. टॅलीचंही रूप बदललं होतं. कंपनी उघडायची जुनी वाट सापडेना, मेनू वर गेलेला. मग एक पेमेंट टाकायचं होतं आणि मी न बघता F5 दाबलं. पेमेंटच आलं. F7 ला जर्नल, F9 ला खरेदी, शेवटी Ctrl+A. सगळं जागच्या जागी होतं. डोक्याला शंका होती तेव्हा बोटांना मुळीच नव्हती.

तरी बोटांनी जीएसटी येत नाही. लेक झोपली की मी नियम वाचत बसायची आणि दर रात्री नवं काही निघायचं. पुरवठादाराने ११ तारखेपर्यंत त्याच्या विक्रीची बिलं पोर्टलवर भरायची. १४ तारखेला आपल्या नावावर २बी तयार होतं, म्हणजे कोणी कोणी आपल्याला किती माल विकल्याचं दाखवलंय त्याची यादी. आपली पुस्तकं त्याच्याशी ताडून २० तारखेच्या आत रिटर्न भरायचं. यादीत जे बिल नाही त्याच्या कराचं क्रेडिट या महिन्यात नाही, म्हणजे तो कर आपल्या देण्यातून वजा करता येत नाही, मग बिलाचा कागद हातात असला तरी. हे वाचताना मनात आलं, अरे, हे तर आपलं जे-१, जे-२! व्हॅटच्या रिटर्नबरोबर आम्ही ही परिशिष्टं भरायचो. विकणाऱ्याचं जे-१, घेणाऱ्याचं जे-२, आणि दोन्हींचा मेळ बसला नाही की नोटीस. तेव्हाचा व्हॅटचा टिन नंबर २७ ने सुरू व्हायचा, आजचा जीएसटी नंबरही महाराष्ट्राचा असेल तर २७ नेच सुरू होतो. त्या २७ कडे बघून मला माहेरचं कुणी भेटल्यासारखं झालं. फरक इतकाच की पूर्वी चूक कळायला वर्ष-दोन वर्षं जायची, आता सहा दिवसांत शोधायची असते.

त्या सहा दिवसांतलीच एक संध्याकाळ. हार्डवेअरचा माल देणारा आमचा एक जुना पुरवठादार आहे. त्याची बिलं पुष्कळ, आणि त्याच्या बिलावर नंबराआधी वर्ष आणि तिरक्या रेघा. आमच्या एंट्रीत मात्र कोणी नुसता शेवटचा आकडा टाकलेला. त्यामुळे एक्सेलने नंबराला नंबर जुळवायला घेतला की सगळ्या रकान्यात नन्नाचा पाढा. पोराने हुशारीने पुरवठादारवार बेरजा काढल्या. बाकी सगळे जुळले, या एकाच्या करात ८,१०० रुपयांचा फरक. आपल्या पुस्तकात कमी, २बीमध्ये जास्त.

"एखादं बिल टाकायचं राहिलंय," तो म्हणाला. बिलं मोजली, तर दोन्हीकडे सारखीच.

आमच्या जुन्या ऑफिसात कॅल्क्युलेटरपेक्षा आधी शिकवलं जायचं ते हे, की फरक आला तर त्याला नऊने भागून बघ. भाग गेला तर दोन आकड्यांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता. ८,१०० ला नऊने भाग जातो. पण इथे मी थबकले. कर १८ टक्के. अठराला मुळातच नऊने भाग जातो, तेव्हा गोल रकमेवरचा कर असला की त्यालाही जाणारच, चूक कुठलीही असो. कराच्या रकान्यात नऊची कसोटी काहीच सांगत नाही. मालाच्या मूळ किमतीकडे जायला हवं.

मूळ किमतीतला फरक होता ४५,०००. नऊने भागले, ५,००० आले. तीन शून्यं म्हणजे अदलाबदल दहा हजार आणि हजार यांच्या घरांत, आणि त्या दोन आकड्यांत अंतर पाचाचं. पुस्तकात रक्कम कमी आहे, म्हणजे आपल्याकडे लहान आकडा आधी पडलाय. मी म्हटलं, "आपल्या एंट्रीत १६, २७, ३८ नाहीतर ४९ हजारांनी सुरू होणारं बिल बघ." तशी दोनच निघाली. १६ हजारांचं बरोबर होतं. दुसरं ३८,५०० चं. फाइलमधून कागद काढला, त्यावर ८३,५००.

पोरगा कागदाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होता. "हे कुठल्या कोर्समध्ये शिकवतात?" मला हसू आलं. खरं सांगायचं तर हसूपेक्षा जास्त काहीतरी आलं, पण ऑफिसात ते दाखवता येत नाही. एंट्री दुरुस्त केली, बिलाची झेरॉक्स लावली. पुढच्या महिन्यापासून बिलाचा नंबर कागदावर आहे तसाच टाकायचा, हेही त्याला सांगितलं, कारण नऊची युक्ती एकच चूक असली तरच चालते. दोन चुका एकमेकींत मिसळल्या की ती गप्प बसते, आणि मग एकेक बिल डोळ्यांखालून घालण्यावाचून इलाज नसतो.

इतके दिवस मी घाबरत होते ते नव्या नियमांना. नियम तर रात्री वाचून येत होते, आणि बदलले तर सगळ्यांसाठीच बदलतात, त्या पोरासाठीसुद्धा. आकड्याकडे बघून 'हा इथला नाही' असं वाटणं मात्र कुठे वाचायला मिळत नाही. ते माझ्यापाशी आहे की गेलं, हे बघण्याची वेळच अकरा वर्षांत आली नव्हती. सोसायटीचा हिशेब बघताना यायची कधी कधी शंका, पण तिथे शंका काढली की लोक रुसतात.

एक्सेलमध्ये मी अजून हळूच आहे. पिव्होट कसं करायचं ते पोराने दोनदा दाखवलं, तिसऱ्यांदा मी वहीत लिहून घेतलं. तो आता नऊने भागत सुटलाय, परवा कॅन्टीनच्या बिलालाही भागून बघत होता.

घरी माझ्या उशिराचं वेळापत्रक सगळ्यांना पाठ झालंय. ११ तारखेला आमच्या विक्रीची बिलं भरायची असतात, तेव्हा लेक कुरकुरते, कारण त्याच सुमाराला तिची चाचणी असते. सासूबाईंना जीएसटी म्हणजे काय ते कळून घ्यायचं नाही. सकाळी कॅलेंडरकडे बघून त्या फक्त विचारतात, "आज वीस ना गं? मग खिचडीच टाकते."