पिशवी आहे, की काढली?

"अक्का, डॉक्टरनी ह्या हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्यात. घेऊ काय नको? कॅन्सर होतोय म्हणत्यात."

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. निपाणीत माझं औषधांचं दुकान आहे. चिठ्ठी घेऊन बायका येतात, शेजारी कुणी पुरुष गिऱ्हाईक नाही ना हे बघतात आणि मगच चिठ्ठी पुढं सरकवतात. मी आधी एवढंच विचारते, "पिशवी आहे, की काढली?" पुष्कळजणींना वाटतं मी विषय बदलला. पण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर ह्यातच आहे.

पाळी थांबायच्या सुमाराला अंडाशयातून येणारं इस्ट्रोजन कमी होत जातं. रात्री अंगातून वाफ निघाल्यासारखं होतं, घामानं उशी भिजते, झोप तुटते, हे बहुतेक त्याच्यामुळं. हार्मोनची गोळी म्हणजे तेच इस्ट्रोजन थोड्या मात्रेत बाहेरून देणं. वाफा आणि घामावर इतकं नेमकं उतरणारं दुसरं औषध नाही. दोन-चार आठवड्यांत फरक कळायला लागतो, पुरता गुण यायला तीनेक महिने लागतात.

पण इस्ट्रोजनचं एक काम गर्भपिशवीच्या आतल्या अस्तरावरही चालतं. ते अस्तर वाढवतं. पाळी चालू असताना प्रोजेस्टेरॉन ही वाढ आवरतं आणि दर महिन्याला अस्तर गळून जातं. पाळी थांबल्यावर नुसतंच इस्ट्रोजन बाहेरून दिलं तर अस्तर जाड होत राहतं, आणि वर्ष-दोन वर्षं असंच चाललं तर त्यातल्या पेशी बिघडू शकतात. म्हणून पिशवी असेल तर औषधं दोन: इस्ट्रोजन, आणि अस्तर आवरायला प्रोजेस्टेरॉन. पिशवी काढली असेल तर साधारणपणे एकटं इस्ट्रोजन पुरतं.

आमच्या गल्लीतल्या एका वैनींची गोष्ट सांगते, त्यांच्या परवानगीनं. वय 51, पाळी जाऊन दीड वर्ष झालेलं. रात्रीत चार-पाचदा उठून परसातल्या पायरीवर जाऊन बसायच्या. डॉक्टरांनी सकाळी एस्ट्राडायॉल 1 मिलिग्रॅम आणि रात्री प्रोजेस्टेरॉनची 100 मिलिग्रॅमची कॅप्सूल लिहून दिली. वैनींनी दोन्ही सकाळी चहाबरोबर घ्यायला सुरुवात केली. कॅप्सूलनं गुंगी येते, ते तिचं नेहमीचंच, म्हणून तर ती झोपताना घ्यायची असते. वैनींना भाकरी थापताना डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. चौथ्या आठवड्यापर्यंत वाफा जवळजवळ गेल्या होत्या, तेव्हा त्यांनी हिशेब केला, गुण येतोय तो गोळीनं, त्रास होतोय तो कॅप्सूलनं. कॅप्सूल महागही होती. त्यांनी ती सोडली.

पुढचे आठ महिने त्या दर महिन्याला एकच पाकीट मागत राहिल्या, आणि आमच्या काउंटरवरून ते दिलं गेलं. मुलगा होता, मी होते, दोघांनीही विचारलं नाही की दुसरं कुठाय. ही चूक माझ्या दुकानातली आहे आणि ती मी विसरत नाही.

नवव्या महिन्यात अंगावर जाऊ लागलं. वैनी म्हणाल्या, "पाळी परत आली बघा, तब्येत सुधारली वाटतं." मी चिठ्ठी मागितली, जुनी बिलं काढली आणि सगळं उमगलं. त्याच आठवड्यात सोनोग्राफी झाली. पाळी गेलेल्या बाईला रक्त जात असेल आणि अस्तर 4 मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर तुकडा काढून तपासतात. वैनींचं 11 होतं. तपासणीत वाढ निघाली, पण पेशी बिघडलेल्या नव्हत्या. इस्ट्रोजन बंद करून नुसत्या प्रोजेस्टेरॉनवर ठेवलं, सहा महिन्यांनी पुन्हा तुकडा तपासला, तो साफ आला. तेव्हापासून पिशवी असलेल्या बाईला मी दोन्ही पाकिटं एका रबरात बांधून देते. सुटं एक मागितलं तर आधी बोलणं, मग औषध.

म्हणून फार्मासिस्टला पहिला प्रश्न हा विचारा: "ह्यातलं कुठलं कशासाठी, कधी घ्यायचं, आणि एक सोडलं तर काय होईल?" काहीजणींना प्रोजेस्टेरॉन रोज असतं, काहीजणींना महिन्यातले 12 ते 14 दिवसच, जास्त मात्रेत. तुमचं कुठलं, ते पाकिटावर लिहून घ्या. आणखी एक. काही कंपन्यांच्या कॅप्सूलमध्ये शेंगतेल असतं. शेंगदाणा सोसत नसेल तर तेही सांगा.

आता आपल्या भागातली एक अडचण. चिकोडीकडच्या एक मावशी म्हणाल्या, "माझा कोश काढलाय." ऑपरेशन कन्नड बोलणाऱ्या डॉक्टरांकडं झालेलं. कन्नडमध्ये गर्भकोश म्हणजे गर्भपिशवी. मराठीत आपण बीजकोश म्हणतो ते अंडाशय. मावशींचा कोश नक्की कुठला? कार्ड आणायला सांगितलं. हिस्टरेक्टॉमी असेल तर पिशवी काढली, ऊफोरेक्टॉमी असेल तर अंडाशय. मावशींच्या कार्डावर ऊफोरेक्टॉमी होतं, एका बाजूचं. पिशवी जागेवर! त्या कोश काढला म्हणाल्या आणि डॉक्टरांनी पिशवी काढली असं धरलं, म्हणून चिठ्ठीत एकटं इस्ट्रोजन होतं. मी फोन लावला, चिठ्ठी बदलली. तुमचं ऑपरेशन कोल्हापूरला झालेलं असो की बेळगावला, कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवा आणि औषध घ्यायला येताना सोबत आणा.

राहिला कॅन्सर. ही भीती आली ती 2002 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातून. त्यात पिशवी असलेल्या बायकांना दोन्ही हार्मोन एका गोळीत दिले होते. 10,000 बायकांमागं वर्षाला स्तनाच्या कॅन्सरच्या 30 केसेस होत होत्या, त्या औषध घेणाऱ्यांत 38 झाल्या. म्हणजे आठ जास्त. ह्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, आणि त्यातलं प्रोजेस्टेरॉनसारखं औषध आजच्या कॅप्सूलमधलं नव्हतं. पिशवी काढलेल्या, एकटं इस्ट्रोजन घेणाऱ्या गटात स्तनाचा कॅन्सर वाढलाच नाही. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध खात्यानं ह्या औषधांवरचे बरेचसे ठळक इशारे काढायचं जाहीर केलं, पण पिशवी असताना एकटं इस्ट्रोजन घेण्याबद्दलचा इशारा तेवढा ठेवला. मला तो ठेवलेला बरोबरच वाटतो.

साठीच्या आतली, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं न झालेली, तब्येतीनं धड बाई असेल आणि झोपेचं खोबरं झालं असेल, तर फायदा जास्त असतो असं माझं मत आहे, आणि बहुतेक डॉक्टरांचंही. पण स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली असेल, लकवा किंवा हार्ट अटॅक येऊन गेला असेल, यकृताचा चालू आजार असेल, किंवा कारण न कळलेलं रक्त जात असेल, तर ही औषधं नाहीत. अशांसाठी बिनहार्मोनची औषधं आहेत, व्हेनलाफॅक्सिन किंवा गॅबापेंटिनसारखी. स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेन चालू असेल तर वाफांसाठी पॅरॉक्सेटिन घेऊ नका, ते टॅमॉक्सिफेनचं काम कमी करतं.

दुसरा प्रश्न, "माझ्या बाकीच्या गोळ्यांबरोबर हे चालतं का?" विचारताना सगळ्या गोळ्या काउंटरवर ओता. थायरॉईडची गोळी असेल तर तोंडानं घेतलेल्या इस्ट्रोजननं ती कमी पडू शकते. दोन-तीन महिन्यांनी टीएसएच बघावा लागतो. फिटच्या काही गोळ्या इस्ट्रोजन लवकर संपवतात, आणि लॅमोट्रिजिन चालू असेल तर उलट त्याचीच मात्रा घसरते. आणि मिश्री लावता का, तेही सांगा. डॉक्टर "सिगारेट?" विचारतात, आपण नाही म्हणतो, आणि घरी जाऊन मिश्री लावतो. मिश्री म्हणजे तंबाखूच, बीपी आणि हृदयाचा हिशेब करताना ती धरावी लागते.

तिसरा प्रश्न, "गोळीऐवजी जेल चालेल का?" पोटातून गेलेलं इस्ट्रोजन आधी यकृतात जातं आणि तिथं रक्त गोठवणारी द्रव्यं वाढवतं. कातडीवरून गेलेलं तसं करत नाही. वजन जास्त असेल, बीपी असेल, किंवा घरात कुणाला रक्ताची गाठ झाली असेल, तर मी स्वतः डॉक्टरांना जेलबद्दल विचारायला सांगते. मीही जेलच लावते. आंघोळीनंतर अंग कोरडं करून दंडावर पातळ पसरायचं, वाळू द्यायचं, हात साबणानं धुवायचे. स्तनावर लावायचं नाही. आणि लावलेल्या दंडावर नातवंडाला घ्यायचं नाही, लहान मुलांच्या अंगाला ते लागता कामा नये. जेल लावलं तरी पिशवी असेल तर कॅप्सूल लागतेच. कातडीतून जातं म्हणून अस्तराला कळत नाही असं नाही.

फक्त खालची जागा कोरडी पडते, जळजळ होते, लघवीला सारखा त्रास होतो, एवढंच असेल तर हे सगळं लागतच नाही. तिथं लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजन क्रीम मिळतं, दोन आठवडे रोज आणि मग आठवड्यातून दोनदा. अंगात फार थोडं जातं, आणि सहसा त्याच्यासोबत कॅप्सूल लागत नाही. ह्या त्रासाबद्दल कुणी बोलत नाही. माझ्याशी बोला.

सुरू केल्यावर पहिले तीन-चार महिने थोडं डाग पडणं होऊ शकतं. सहा महिन्यांनंतरही पडत असतील, किंवा बंद होऊन पुन्हा सुरू झाले असतील, तर "पाळी आली" म्हणून घरी बसू नका, सोनोग्राफी करून घ्या. आणि एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, अचानक धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर माझ्या दुकानात यायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.