डॉलर वाढला सव्वादोन टक्के, नफा साडेसहा टक्के

भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं ऑडिट जूनमध्ये सुरू होतं. सुटे भाग बनवून अमेरिकेला पाठवणारी ही मध्यम कंपनी. मार्चअखेरीच्या येणेकऱ्यांचे पैसे पुढे आले का, हे बघताना मे महिन्यातल्या एका नोंदीवर माझी नजर अडकली. एकाच इन्व्हॉइसवर 2,03,254 रुपये विनिमय नफा. येणं लिहिलं होतं 31,48,800 रुपयांचं, म्हणजे नफा जवळजवळ साडेसहा टक्के. मधल्या काळात डॉलर मात्र सव्वादोन टक्क्यांच्या आसपासच वाढला होता. नुसत्या दराच्या फरकातून एवढा नफा निघूच शकत नाही. त्यात दुसरं काहीतरी मिसळलेलं असणार.

मी फाइल मागवली. (दर समजायला सोपे जावेत म्हणून इथे गोल केले आहेत.) इन्व्हॉइस 18 मार्चचं, 40,000 डॉलरचं, सीआयएफ अटीवर. म्हणजे जहाजभाडं आणि विमा विक्रेत्याने भरायचा आणि तो किमतीतच धरलेला. शिपिंग बिलावर मात्र एफओबी, म्हणजे भाडं-विमा सोडून मालाची किंमत 38,400 डॉलर आणि दर 82 रुपये. अकाउंटंट काकांनी विक्रीची नोंद या दोन आकड्यांवरून केली होती.

"मॅडम, शिपिंग बिल कस्टम्सचं आहे. त्याच्यापेक्षा पक्का कागद कुठला?" त्यांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. कागद पक्काच आहे, पण तो कस्टम्सच्या कामासाठी. त्यावरचा दर कस्टम्स ठराविक काळासाठी जाहीर करतं आणि तो लागू असेपर्यंत बाजारात रुपया कुठेही गेला तरी बदलत नाही. हिशोबाच्या पुस्तकात एएस 11 या लेखामानकानुसार व्यवहाराच्या दिवशीचा दर लागतो. आणि ग्राहक देणं लागतो ते इन्व्हॉइसचे पूर्ण 40,000 डॉलर. जहाजभाडं आणि विम्याचे 1,600 डॉलर त्यातून वगळायचे नाहीत. ते ग्राहकाकडून येणारच आहेत, आणि आपण भरलेलं भाडं खर्चात वेगळं दिसतं.

मग व्यवहाराचा दिवस कुठला? त्यासाठी मी बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीने दिलेली मालाची पावती, उघडलं. खालच्या कोपऱ्यात 'शिप्ड ऑन बोर्ड'चा शिक्का होता आणि त्यात तारीख 27 मार्च. सीआयएफमध्ये माल न्हावा शेवाला जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराकडे जाते, म्हणून मी विक्रीसाठी हाच दिवस धरते. नुसता 'रिसीव्ड फॉर शिपमेंट' लिहिलेला कागद यासाठी पुरत नाही. त्यातून माल वाहतूकदाराच्या ताब्यात आला एवढंच कळतं.

27 मार्चचा दर 83 रुपये होता. म्हणजे विक्री आणि येणं 33,20,000. 31 मार्चला दर 83.40 झाला, त्यामुळे येणं 33,36,000 वर न्यायचं आणि 16,000 चा नफा त्याच वर्षाच्या नफा-तोट्यात घ्यायचा. पैसे अजून आलेले नाहीत म्हणून तो थांबवायचा नाही. काकांनी हे पुनर्मूल्यांकन केलंच नव्हतं.

मेमध्ये बँकेचा अ‍ॅडव्हाइस आला. ग्राहकाने 40,000 पाठवले होते, वाटेतल्या परदेशी बँकेने 40 डॉलर कापले आणि 39,960 डॉलर 83.90 दराने रुपयांत बदलले गेले. आपल्या बँकेने 590 रुपये चार्जेस घेतले आणि खात्यात 33,52,054 जमा झाले. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. पूर्ण 40,000 डॉलरवर 50 पैशांचा फरक, म्हणजे 20,000 रुपये, हा विनिमय नफा. कापलेल्या 40 डॉलरचे 3,356 आणि इथले 590, मिळून 3,946 रुपये, हा बँक खर्च. निव्वळ जमा रक्कम येण्यातून वजा करून उरेल ते विनिमय फरकात टाकलं, तर खर्च त्या नफ्यात गडप होतो आणि पुन्हा शोधून सापडत नाही.

आता ते 2,03,254 सुटे झाले. त्यातले 1,71,200 मुळात विक्रीचे होते: भाडं-विमा वगळल्याने 1,31,200 आणि दर एक रुपयाने कमी धरल्याने 40,000. उरलेले 32,054 म्हणजे दोन वर्षांत विभागलेला 36,000 चा खरा नफा, वजा बँक खर्च. काकांनी कॅल्क्युलेटरवर बेरीज दोनदा करून पाहिली आणि म्हणाले, "म्हणजे मार्चची विक्रीच कमी दिसत होती!"

मार्चची पुस्तकं अजून बंद झाली नव्हती, त्यामुळे दुरुस्ती त्याच वर्षात बसली. मग काकांनी स्वतःहूनच मार्चअखेरीच्या बाकीच्या फाइली काढल्या आणि शिक्क्यावरच्या तारखा मला वाचून दाखवू लागले. एका इन्व्हॉइसची तारीख 29 मार्च होती, पण माल जहाजावर चढला होता 2 एप्रिलला. ती विक्री मार्चमधून काढली, आणि 31 तारखेला बंदरात पडून असलेला तो माल उत्पादनखर्चाने साठ्यात घेतला.