उलट्या दोघींना झाल्या. मनी घरी राहिली, पिलाला मात्र दवाखान्यात न्यावे लागले

वर्धा जिल्ह्यातील आमच्या गावात जनावरांच्या दवाखान्यात गाय, बैल आणि शेळ्या येतात. मांजर घेऊन येणारे फारच थोडे. त्यामुळे आमची मनी आणि तिचे जेमतेम तीन महिन्यांचे पिलू एकाच आठवड्यात उलट्या करू लागले, तेव्हा कोणाला घरी ठेवायचे आणि कोणाला न्यायचे, हे आम्हाला स्वतःच ठरवावे लागले.

आधी मनी ओकली. सकाळी तिच्या उलटीत गवताची पाती आणि पिवळसर फेस होता, नंतर पुन्हा एकदा नुसता फेस आला आणि शी थोडी पातळ झाली. तरीही ती नेहमीप्रमाणे चुलीजवळ येऊन बसत होती, अंग चाटत होती आणि पाणी पीत होती. मी तिचा ओठ वर उचलून पाहिला. हिरडी गुलाबी व ओलसर होती, आणि बोटाने दाबल्यावर पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली. मोठे मांजर अशा स्थितीत असेल तर २४ तास घरी पाहता येते, म्हणून आम्ही तिला नेले नाही.

शेजारच्या काकूंनी दूध पाजायला सांगितले. पण बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातील साखर नीट पचत नाही आणि जुलाब वाढतात, म्हणून दूध बंदच ठेवले. पाणी मात्र सतत समोर होते. मीठ, कांदा, लसूण न घालता उकडलेली कोंबडी चमचाभर देत गेलो आणि ती पोटात टिकते असे दिसल्यावर हळूहळू वाढवली. आपल्याकडे पोट बिघडले की लंघन करवतात, तसे मांजराला करवू नये, कारण दोन-तीन दिवस पोटात अन्न गेले नाही तर, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून नवाच गंभीर आजार उभा राहू शकतो. दुसऱ्या दिवशी मनी पूर्ववत झाली. ती दिवसभर काहीच खाल्ली नसती, प्यायलेले पाणीही उलटून टाकत असती, उलटीत किंवा शीत रक्त दिसले असते किंवा ती कोपऱ्यात लपून बसली असती, तर मात्र घरी थांबलो नसतो.

पिलाचे तसे नव्हते. उलट्यांची संख्या मनीपेक्षा फार जास्त नव्हती, पण ते पाण्याच्या वाटीवर मान टाकून, पाठ वाकवून बसले होते आणि पीत मात्र नव्हते. पोटाला हात लावताच ओरडत होते, आणि थोड्याच वेळात घाण वासाचे पाण्यासारखे जुलाब सुरू झाले. इतक्या लहान जिवाच्या अंगातले पाणी आणि रक्तातील साखर काही तासांतच उतरते, म्हणून पिलाच्या बाबतीत "उद्या पाहू" म्हणणे धोक्याचे असते.

दवाखान्यात ताप १०४ अंश फॅरेनहाइटच्या वर भरला. मांजराचा साधारण ताप १००.५ ते १०२.५ असतो. डॉक्टर म्हणाले, "ताई, लस झालेली नाही ना? मग हा मांजरांचा पार्व्हो, म्हणजे पॅनल्यूकोपेनिया असेल असंच धरून चालू." या विषाणूवर थेट औषध नाही. तो आतड्याचे अस्तर आणि रक्तातील पांढऱ्या पेशी दोन्ही नष्ट करतो, म्हणून सलाईन, उलटी थांबवणारे इंजेक्शन, दुसरा संसर्ग होऊ नये यासाठी अँटिबायोटिक आणि ऊब, यांवरच पिलाला तगवून ठेवावे लागते. ताप एकाएकी उतरून अंग थंड पडू लागले, तर तो सुधारणेचा नव्हे, तर धोक्याचा इशारा समजायचा, असेही त्यांनी बजावले. पहिले पाच दिवस निभावलेली मांजरे बहुधा वाचतात, आणि आमचे पिलूही वाचले.

आपल्या भागात आणखी काही प्रसंगी वाट पाहू नये. कपाशीवर फवारणी चालू असताना मांजराच्या तोंडातून लाळ गळून अंगाला झटके येऊ लागले, किंवा त्याने उंदराचे औषध खाल्ल्याची शंका आली, तर औषधाची बाटली किंवा पुडी सोबत घेऊन लगेच निघावे. जिभेखाली किंवा गुदद्वारातून दोरा दिसला तर तो ओढू नये, कारण आतडे चिरू शकते. बोका उलट्या करत असेल आणि वारंवार बसूनही लघवी होत नसेल, तर तो पोटाचा आजार नसून लघवी तुंबलेली असू शकते, आणि तिथे काही तासही महत्त्वाचे असतात. माणसांची तापाची गोळी, म्हणजे पॅरासिटामॉल, मांजराला अर्धीसुद्धा देऊ नये. ती त्याच्यासाठी विषच आहे.

पार्व्होचा विषाणू घरात वर्षभरही टिकू शकतो आणि साध्या फिनाईलने मरेलच असे नाही. म्हणून पिलाची जागा आधी साबणाने धुऊन, मग घरगुती द्रव ब्लीचच्या एका भागात सुमारे तीस भाग पाणी मिसळून दहा मिनिटे ओली ठेवली आणि पुन्हा स्वच्छ धुतली. पिलाची गोणपाटाची गादी मात्र जाळून टाकली. पुढच्या खेपेच्या पिलांना सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर पहिली लस आणि मग सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढच्या लसी, असे डॉक्टरांशी ठरवून ठेवले आहे.