लॉगआउट केल्यावर नेमकं काय पुसलं जातं?

"लॉगिनसाठी सेशन कुकी ठेवू की बेअरर टोकन? यूजर दोन्हींत लक्षात राहतोच ना?"

राहतो. पण लॉगिनपेक्षा लॉगआउटकडे बघून ठरवा, असं मी प्रत्येकाला सांगते. खरा फरक तिथे दिसतो.

सेशनच्या पद्धतीत लॉगिन झालं की सर्व्हर एक लांब, रँडम आयडी बनवतो, तो कोणाचा हे स्वतःकडे नोंदवतो आणि `Set-Cookie` हेडरमधून ब्राउझरला देतो. पुढच्या प्रत्येक रिक्वेस्टबरोबर ब्राउझर तो आपणहून पाठवतो. त्या आयडीत यूजरची काहीच माहिती नसते, सगळं सर्व्हरच्या नोंदीत असतं. त्यामुळे लॉगआउटला सर्व्हरने ती नोंद पुसली की कोणी चोरलेली कुकीसुद्धा त्याच क्षणी निकामी होते.

बेअरर टोकन ज्याच्या हाती, त्याला सर्व्हर आत घेतो. बरेचदा हे टोकन JWT असतं: आत यूजरचा आयडी, `exp` ही मुदत आणि सर्व्हरची सही. सर्व्हर सही आणि मुदत तपासतो, नोंद शोधायला जात नाही. (आतला मजकूर कोणालाही वाचता येतो. सहीमुळे तो फक्त गुपचूप बदलता येत नाही.)

समजा टोकन 10:00 ला मिळालं, मुदत 11:00 पर्यंत. 10:10 ला ते चोरीला गेलं, 10:20 ला यूजरने लॉगआउट केलं. त्याच्या ब्राउझरमधली प्रत गेली, पण चोराकडची प्रत आणखी 40 मिनिटं चालत राहते, कारण सही खरी आहे आणि मुदत उरलेली आहे. तुमच्याकडे असं होतं का, हे स्वतः बघा. लॉगआउटच्या आधी टोकन कॉपी करून ठेवा आणि नंतर, मुदत संपायच्या आत, हे चालवा:

```
curl -i -H "Authorization: Bearer TOKEN" https://example.com/api/me
```

`401` आलं तर ठीक. `200` आलं तर लॉगआउट फक्त ब्राउझरमध्येच झालंय.

रद्द केलेल्या टोकनांची यादी ठेवता येते, पण मग प्रत्येक रिक्वेस्टला ती तपासावी लागते. नोंद टाळायला टोकन घेतलं आणि नोंद परत आलीच! म्हणून सहसा टोकनची मुदत 15 मिनिटांसारखी छोटी ठेवतात आणि नवं टोकन मिळवण्यासाठी वेगळं रिफ्रेश टोकन देतात. त्याची नोंद सर्व्हरकडे असते, म्हणून ते रद्द करता येतं.

तुमची साधी वेबसाइट आणि एकच सर्व्हर असेल, तर माझं मत ठामपणे सेशन कुकीच्या बाजूने आहे. तिला `HttpOnly` लावा, म्हणजे पानात घुसलेल्या जावास्क्रिप्टला ती वाचता येणार नाही. `Secure` लावा, आणि `SameSite=Lax` सुद्धा, कारण कुकी आपोआप जाते याचा फायदा दुसरी साइट घेऊ शकते. मोबाइल अ‍ॅप किंवा एकमेकांशी बोलणाऱ्या अनेक सर्व्हिसेस असतील, तिथे मात्र टोकन सोयीचं पडतं.