आमची वाटचाल : तीन भाऊ, एक शेड आणि नफ्याची वाटणी

आबांनी १९७८ साली कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात एक जुना लेथ टाकला. ऑइल इंजिनाचे सुटे भाग टर्निंग करून द्यायचे, एवढंच काम. पुढे स्वतःची शेड झाली, पंपाची केसिंगं आली. आज आमच्याकडे चार सीएनसी आणि एक व्हीएमसी, अशी संगणकावर चालणारी पाच यंत्रं आहेत. मशिनरीची गोष्ट इथे थांबवतो. मला सांगायचं आहे ते आबांच्या मागे आम्हा तीन भावांत जे झालं ते.

दादा १९८८ साली, सतराव्या वर्षी, शिक्षण सोडून लेथवर उभे राहिले. १९९६ ला आबांनी भागीदारी केली तोवर आठ वर्षं त्यांनी पगार म्हणून एक रुपया घेतला नाही. मी बी.कॉम. करून हिशेबाला बसलो, २००४ ला भागीदार झालो. धाकटा इंजिनिअर होऊन २०११ ला भागीदार झाला. चौघांचा वाटा सारखा, पंचवीस टक्के. २०१८ मध्ये आबा गेले. भागीदार वारला की, भागीदारीपत्रात वेगळं लिहिलं नसेल तर, कायद्याने फर्म मोडते. आमच्या पत्रात ती मोडू नये अशी एक ओळ होती म्हणून आम्ही वाचलो. पण कारभार कोणी पाहायचा, याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. आबा असताना त्याची गरजच पडली नव्हती.

नफा आम्ही तीन सारख्या भागांत वाटू लागलो आणि तिघेही नाराज राहिलो. दादा म्हणायचे, "माझ्या घामावर तुम्ही दोघे शिकलात, मला निम्मा हवा." धाकटा म्हणायचा की निम्म्याहून जास्त काम आता सीएनसीवर आहे, गिऱ्हाईक त्याने आणलंय. मी बोलत नव्हतो, पण घर बांधायला त्या दोघांनी उचल केली होती आणि माझे पैसे धंद्यातच पडून होते, हे मला रोज दिसत होतं.

२०२२ मध्ये एका जुन्या गिऱ्हाइकाला एकाच केसिंगचे दोन भाव गेले. दादांनी फोनवर १४८ रुपये सांगितले, धाकट्याने त्याच दुपारी १३९ चं कोटेशन पाठवलं. त्यांनी १३९ ची ऑर्डर टाकली आणि मला विचारलं, "तुमच्यात मालक कोण?" त्या रात्री जेवताना कोणी कोणाशी बोललं नाही. नंतर दीड वर्ष दादा आणि धाकटा वेगवेगळ्या वेळी शेडवर यायचे. कामगार एकाचं ऐकून सेटिंग लावायचे आणि दुसऱ्याचं ऐकून काढायचे. घर फुटायला आलं होतं, हे मी आज उघड लिहितो.

वाट सापडली ती आमच्या सीएंच्या एका प्रश्नाने. त्यांनी विचारलं, "तुम्ही नफा म्हणता त्यात कामाचा मोबदला किती, गुंतलेल्या पैशाचं व्याज किती आणि मालकीचा हिस्सा किती?" आम्ही हे तिन्ही एकाच पोत्यात भरत होतो. त्यामुळे तिघांचंही म्हणणं खरं होतं आणि तरी एकाचं समाधान केलं की दुसऱ्यावर अन्याय व्हायचा.

आधी दादांच्या त्या आठ वर्षांचा प्रश्न सोडवला, कारण तो सुटल्याशिवाय ते कागदाला हात लावणार नव्हते. टक्केवारी वाढवून तो सोडवला असता तर दादांच्या कष्टाचा मोबदला त्यांच्या मुलाने आमच्या मुलांकडून पिढ्यान्‌पिढ्या घेतला असता. हे देणं एकदाच फिटायला हवं होतं. तेव्हा भांडवल खात्यावर माझे ३५ लाख, धाकट्याचे १५ आणि दादांचे १० होते. आम्ही दोघांनी पाच-पाच लाख दादांच्या खात्यात वळते केले. माझे ३० राहिले, दादांचे २० झाले, धाकट्याचे १०. रक्कम मोठी नव्हती. पण ती नोंद दादांनी दोनदा वाचली आणि वहिनींना हाक मारून दाखवली.

मग एका वर्षाचा हिशेब नव्याने मांडला. शेडचं भाडं काढून, भागीदारांना काही देण्याआधी ३६ लाख नफा होता. जुन्या पद्धतीने प्रत्येकी १२. नव्या पद्धतीत आधी भांडवलावर १२ टक्के व्याज : दादांना २ लाख ४० हजार, मला ३ लाख ६०, धाकट्याला १ लाख २०. त्यानंतर कामाचा पगार. आम्ही आधी महिना ५०, ५० आणि ७५ हजार धरले होते. पण भागीदारांच्या पगाराला प्राप्तिकरात मर्यादा आहे : व्याज वजा केल्यावरच्या नफ्यातल्या पहिल्या ६ लाखांच्या ९० टक्के आणि उरलेल्याच्या ६० टक्के. आमच्या आकड्यांवर ती १९ लाख ८ हजार आली आणि आमचे पगार २१ लाख होत होते. जास्तीची रक्कम खर्च म्हणून धरली जात नाही, म्हणून पगार ४५, ४५ आणि ६५ हजारांवर आणले. उरले १० लाख २० हजार. ते तीन सारखे भाग, ३ लाख ४० हजार प्रत्येकी. एकूण दादांना ११ लाख २० हजार, मला आणि धाकट्याला १२ लाख ४० हजार. फर्मचा कर यात धरलेला नाही, तो या शेवटच्या भागातून जातो.

तो कागद पाहून आम्ही तिघे गप्प बसलो. दीड वर्ष ज्यासाठी तोंड फिरवलं, तो फरक लाखाच्या आतबाहेर होता. दादांना कमी आले होते. तरी ते म्हणाले, "आता मला कळतंय काय कशाचं आहे." मंदीच्या वर्षी व्याजानंतर पगाराइतका नफा उरला नाही, तर तिघांचे पगार एकाच प्रमाणात कमी होतील, हेही त्याच दिवशी ठरलं. ते आधी लिहून ठेवावं लागतं, तोट्याच्या वर्षी कोणी कबूल होत नाही.

शेड आबांच्या नावावर होती, स्वकष्टाची, आणि मृत्युपत्र नव्हतं. म्हणजे वारस आई, आम्ही तिघे आणि आक्का, पाचांचा सारखा हिस्सा. आक्का हक्कसोड देईल असं आम्ही तिघांनी गृहीत धरलं होतं. ती आमची चूक होती. तिने एवढंच मागितलं की नावं पाच जणांची राहावीत आणि भाडं आईच्या खात्यात जावं. महिना २५ हजार जातं. आबांची भांडवलातली रक्कमही त्याच पाचांची. ती कर्जखात्यात टाकून हप्त्याने फेडतो आहोत.

पुढारीपणाचं बोलणं याच्यानंतर सोपं गेलं. १ एप्रिल २०२४ पासून पाच वर्षं कारभार धाकट्याकडे. भाव फक्त तो देतो. फाउंड्रीची खरेदी आणि कामगार दादांकडे, बँक आणि हिशेब माझ्याकडे. पाच लाखांवरचं मशिन किंवा कर्ज असेल तर तिघांच्या सह्या. नवं पत्र करून निबंधकाकडे आणि बँकेत नोंदवलं. खंडेनवमीला यंत्रांची पूजा मात्र दादाच करतात, त्याला कलम लागलं नाही.

एक कलम अजून रिकामं आहे. उद्या एकजण बाहेर पडला तर त्याच्या हिश्श्याची किंमत कशी काढायची? घसारा जाऊन जुन्या सीएनसीची पुस्तकी किंमत फारच थोडी उरते, बाजारात ती कितीतरी जास्त येते. दादा बाजारभाव म्हणतात, कारण आधी निवृत्त ते होणार. धाकटा पुस्तकी किंमत म्हणतो, कारण पैसे त्याने उभे करायचे. पुढच्या रविवारी आईकडे बसणार आहोत. आक्कालाही बोलावलंय.